स्टिकरखाली काय आहे, ते सांगता येत नाही

जपानमधल्या सुपरमार्केटात संध्याकाळ झाली की पाव, केक, तयार जेवणाचे डबे यांवर सवलतीचे स्टिकर चिकटू लागतात. घाईत लावलेला एखादा स्टिकर नेमका घटकांच्या यादीवर बसतो. मग तिथे राहणारा मराठी माणूस पाकिटाचा फोटो जपानी येणाऱ्या मित्राला पाठवतो आणि विचारतो, 'यात अक्रोड तर नाही ना? मुलाला चालत नाही.'

समजा, गोड पावाचं पाकीट आहे. यादीत दिसतं ते असं: गव्हाचं पीठ, साखर, अंडी, मार्गरिन. पुढे 'अर्ध्या किमतीत' असा स्टिकर. स्टिकरनंतर एक तिरपी रेघ, मग फुगवणारा पदार्थ आणि सुगंधी द्रव्य. शेवटी कंसात 'काही घटकांत गहू, अंडी' इतकं दिसतं आणि पुढचं पुन्हा झाकलेलं.

जपानी लेबलाची शिस्त माहीत असेल तर यातून थोडं कळतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि तिरप्या रेघेनंतर बहुधा मिश्रके येतात. म्हणजे पहिल्या स्टिकरखाली मिश्रकं नसून घटकच आहेत, आणि त्यांतला कोणताही मार्गरिनपेक्षा जास्त नाही. शेवटचा कंस ॲलर्जीसाठी असतो. सक्तीने लिहायच्या पदार्थांत 2023 मध्ये अक्रोडाची भर पडली. म्हणजे पाकिटात अक्रोड असेल तर त्याचं नाव याच कंसात यायला हवं, आणि नेमका तोच भाग दिसत नाही.

अशा वेळी 'अक्रोड दिसत नाही' आणि 'अक्रोड नाही' यांत गल्लत करू नये. अशा पावात दूध असतंच म्हणून ते रिकाम्या जागी भरणं हा अंदाज झाला, अनुवाद नव्हे. वाचणाऱ्याला मात्र तो लेबलावरचाच मजकूर वाटतो.

उत्तर असं द्यावं: 'गव्हाचं पीठ, साखर, अंडी, मार्गरिन, [स्टिकरखाली झाकलेलं, वाचता येत नाही] / फुगवणारा पदार्थ, सुगंधी द्रव्य (काही घटकांत गहू, अंडी [पुढचं झाकलेलं]). यात अक्रोड आहे की नाही, हे या फोटोवरून ठरवता येत नाही.' स्टिकरवरच्या मजकुराचाही अनुवाद द्यावा, म्हणजे नेमकं कशाने झाकलंय ते कळतं.

तारखेचंही तसंच. 'शोहि किगेन' म्हणजे या तारखेनंतर खाऊ नये, तर 'शोमि किगेन' म्हणजे या तारखेपर्यंत चव उत्तम. स्टिकरने पहिला शब्द झाकला की उरतं फक्त 'किगेन', मुदत. ती कोणती, हे सांगता येत नाही.

उपाय सोपा आहे. त्याच मालाच्या बिनस्टिकरच्या पाकिटाचा फोटो मागवावा, किंवा स्टिकर सावकाश सोलून पुन्हा फोटो काढायला सांगावं. तोवर मुलाला तो पाव देऊ नये.