सेकंदकाट्याची उडी

२५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइको कंपनीने 'क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन' हे मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. सोन्याची केस, किंमत साडेचार लाख येन. तेवढ्या पैशांत तेव्हा जपानमध्ये छोटी मोटारगाडी येत असे. महिन्याला फार तर ५ सेकंदांची चूक, असा कंपनीचा दावा होता. चावीची चांगली घड्याळंसुद्धा तेव्हा एका दिवसात तेवढी मागेपुढे व्हायची. त्या घड्याळाचा सेकंदकाटा मात्र सगळ्यांनाच वेगळा वाटला असणार. चावीच्या घड्याळात तो बारीक बारीक ठोक्यांनी सरकत राहतो; आपल्याकडच्या एचएमटी जनतामध्ये सेकंदाला पाच ठोके. इथे काटा क्षणभर अगदी स्तब्ध उभा राहायचा आणि मग एकदम पुढच्या खुणेवर उडी मारायचा.

ही उडी पुढे इतकी रुळली की क्वार्ट्झ घड्याळ ओळखायची ती खूणच झाली. स्फटिक मात्र सेकंदाला हजारो वेळा थरथरत असतो, उडी काही तो मारत नाही. उडी आली ती विजेच्या काटकसरीतून. गेल्या पाच-सहा दशकांतला या घड्याळाचा प्रवास मला तरी मुख्यतः काटकसरीचा वाटतो. अचूकता हाती आल्यावर खरा झगडा सुरू झाला तो सेल पुरवायचा.

अचूकता तर बरीच आधी साधली होती. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी ज्या जातीची, त्याच जातीचा शुद्ध स्फटिक. तो दाबला की त्याच्या पृष्ठांवर वीज उमटते, आणि उलट त्याला वीज दिली की तो किंचित वाकतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांच्या कामातून १८८० नंतर कळलं. १९२७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी त्यावर चालणारं पहिलं घड्याळ उभं केलं. तत्त्व आजही तेच आहे. स्फटिकाच्या तुकड्याला त्याच्या आकारमानानुसार ठरलेली एक लय असते. विजेचं मंडल ती लय टिपतं, वाढवतं आणि योग्य क्षणी स्फटिकाला विजेचा हलका धक्का परत देतं. झोका वरून परत येताना हलकेच ढकलावा, तसं. धक्का थोडा कमीजास्त झाला तरी लय जवळपास तीच राहते, म्हणून हे घड्याळ विश्वासाचं.

पण निर्वात नळ्यांवर चालणारी ती यंत्रं कपाटाएवढी असत. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी सेइकोने उचलून नेता येईल असं स्फटिकी घड्याळ केलं, तेही ३ किलोंचं. तिथून मनगटापर्यंत पाच वर्षांत पोचायचं होतं. स्वित्झर्लंडमध्ये नूशातेलच्या संशोधन केंद्रातही हेच चाललं होतं. १९६७ मध्ये त्यांचे नमुने तयार होते आणि १९७० मध्ये 'बीटा २१' हे यंत्र असलेली स्विस घड्याळं बाजारात आली. दोन्हीकडे स्फटिकाची लय एकच, सेकंदाला ८,१९२ कंपनं. फरक काट्यात होता. स्विस यंत्रातली छोटी मोटर सेकंदाला २५६ वेळा हलायची, त्यामुळे काटा पाण्यासारखा वाहायचा. दिसायला ते सुंदरच. पण हलणाऱ्या प्रत्येक भागाला दर वेळी वीज मोजावी लागते. सेइकोच्या अभियंत्यांनी ठरवलं की मोटर सेकंदातून एकदाच हलेल आणि उरलेला वेळ तिला काहीच द्यायचं नाही. पुढे जग याच वाटेने गेलं.

ही मोटर ज्या कल्पनेवर बेतलेली आहे, ती फ्रेंच अभियंता मारियुस लावे यांची, १९३० च्या दशकातली. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं एक गुंडाळं लगेच दिसतं. त्याच्या दोन टोकांना लोखंडी पट्टी जोडलेली असते आणि पट्टीतल्या गोल भोकात मोहरीएवढं चुंबक बसवलेलं असतं. गुंडाळ्यातून काही मिलिसेकंदांपुरती वीज सोडली की चुंबक अर्धा फेरा घेतं. पुढच्या सेकंदाला वीज उलट दिशेने जाते आणि ते उरलेला अर्धा फेरा त्याच दिशेने पुरा करतं. भोकाच्या कडेला मुद्दाम दोन खाचा ठेवलेल्या असतात. त्यांच्यामुळे वीज बंद असताना चुंबक आपलं आपण ठरल्या जागी धरून राहतं, आणि दिशाही कधी चुकत नाही. म्हणजे काटा थांबलेला असताना त्याला थांबवून ठेवायला कणभरही वीज लागत नाही. मधली दंतचक्रं या अर्ध्या फेऱ्याचे तीस भाग करतात, आणि काट्याच्या वाट्याला बरोबर ६ अंश येतात. लहानशा जागेत इतकं नेमकं काम करणारी मोटर मला दुसरी माहीत नाही.

काटकसरीचा दुसरा भाग मंडलात होता. अ‍ॅस्ट्रॉनचा सेल सुमारे वर्षभर पुरायचा. १९७० च्या दशकात सीमॉस जातीच्या चिप आल्या. या चिपमधला स्विच पालथा होतानाच काय ती वीज घेतो, स्थिर असताना जवळजवळ नाहीच. मग सेकंदाला किती वेळा पालथं व्हायचं, हा थेट विजेचा प्रश्न झाला. त्याच सुमारास अमेरिकेत युर्गेन श्टाउटे यांनी चिप बनवायच्या छायाचित्रण-पद्धतीने क्वार्ट्झच्या पातळ चकतीवर एकदम अनेक छोटे नादकाटे कोरायची रीत काढली. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच दोन पायांचा नादकाटा, फक्त लांबी काही मिलिमीटर. तो हवा काढलेल्या चकचकीत डबीत बसतो, कारण हवेने कंपनं दबतात.

नादकाटा लहान झाला तसा कंपनांचा आकडा वाढून ३२,७६८ वर स्थिरावला. म्हणजे २ चा पंधरावा घात. प्रत्येक टप्प्यावर आकडा निम्मा करणारे पंधरा टप्पे एकामागे एक ठेवले की शेवटी सेकंदाला नेमका एक ठोका मिळतो. याहून मंद स्फटिक मोठा आणि अवजड होतो, वेगवान स्फटिक सेल खातो. सिटिझनने १९७५ मध्ये सेकंदाला सुमारे ४२ लाख कंपनं करणारं घड्याळ काढलं होतं. त्याची चूक वर्षाला ३ सेकंद एवढीच सांगितली होती. कारागिरी अव्वल, पण सर्वसामान्यांचं घड्याळ ३२,७६८ वरच राहिलं.

आता सेलचा हिशेब पाहू. हातातल्या घड्याळात बऱ्याचदा असतो तो ६२६ आकाराचा सिल्व्हर ऑक्साइडचा बटणसेल. त्याची क्षमता साधारण २५ मिलिअँपिअर-तास. साध्या तीन काट्यांच्या यंत्राचा सरासरी खर्च असतो एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. भागाकार केला तर २५,००० तास येतात, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. या खर्चात मोठा वाटा मोटरचा असतो, स्फटिक आणि चिप मिळून थोडक्यात भागवतात. म्हणूनच भिंतीवरच्या 'आवाज न करणाऱ्या' घड्याळाचा सेल टिकटिक करणाऱ्यापेक्षा लवकर संपतो. तिथे काटा सतत वाहता ठेवलेला असतो, आणि त्याचं बिल सेल भरतो.

आपल्याकडे १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडूचं औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन सुरू केली, होसूरला कारखाना काढला आणि क्वार्ट्झवरच भर दिला. त्यानंतर काही वर्षांतच रोज सकाळी चावी द्यायची सवय घराघरांतून गेली. पण काट्याची भाषा वाचायची सवय काही लागली नाही. घड्याळ बंद पडलं की सेल बदला, एवढंच आपण शिकलो. काटा त्याहून बरंच जास्त सांगतो.

काटा दोन सेकंद थांबून एकदम दोन घरं उडू लागला, तर घड्याळ बिघडलेलं नसतं. सेलचा दाब उतरल्याचं चिपने ओळखलेलं असतं, आणि ती दोन ठोके जवळजवळ एकत्र सोडून मालकाला कळवत असते. वेळ अजून बरोबरच असते. ही सोय सगळ्याच यंत्रांत नसते, पण जिथे असते तिथे हाताशी थोडेच दिवस आहेत असं समजावं. संपलेला सेल आत तसाच ठेवू नये. तो पाझरला की खार पट्ट्यांवर चढतो, आणि मग पन्नास रुपयांचं काम यंत्र बदलण्यावर जातं.

काटा जागच्या जागी थरथरत असेल, तर स्फटिक, चिप आणि गुंडाळं तिन्ही ठीक आहेत. ठोका पोचतोय, पण चुंबकाला अर्धा फेरा पुरा करण्याइतकं बळ मिळत नाही. सेल अशक्त असेल, नाहीतर चक्रांतलं तेल सुकलेलं किंवा कचरा अडकलेला असेल. भिंतीवरच्या घड्याळात ही थरथर बहुधा नऊच्या आसपासच दिसते. कारण साधं आहे: तिथे काटा आडवा असतो आणि त्याला वर उचलायचं असतं, म्हणजे फेरीतली सर्वांत अवघड जागा तीच. नवा सेल घालूनही तिथेच अडकला, तर दोष यंत्राच्या अडथळ्यात आहे.

काटा निश्चल असेल आणि नवा सेलही उपयोगी पडत नसेल, तर गुंडाळ्याची तार तुटलेली असू शकते. चांगला कारागीर चिपकडे जाण्याआधी मीटरने ती तपासतो. धड तारेचा रोध हजार-दोन हजार ओहमच्या घरात दिसतो. आणि घड्याळ अधूनमधून थांबून पुन्हा आपोआप चालू होत असेल, मधली पाच-दहा मिनिटं गहाळ होत असतील, तर ते रात्री कुठे ठेवता ते आधी पाहा. पर्सचं चुंबकी बटण, फोनचं चुंबकी कव्हर किंवा स्पीकर यांच्याजवळ ते छोटं चुंबक जखडून बसतं. दूर नेलं की सुटतं. चावीच्या घड्याळासारखा कायमचा दोष सहसा राहत नाही.

एक गोष्ट काटा सांगत नाही, ती म्हणजे उष्म्याचा परिणाम. हा नादकाटा साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने कंप पावतो. तिथून गरम झाला तरी मंदावतो आणि गार झाला तरी मंदावतोच, आणि घट अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होते. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत घड्याळ सतत ४० अंशांत राहिलं असं धरा. फरक १५ अंश, वर्ग २२५. दर एककाला दहा लाखांत ०.०३४ या हिशेबाने ते दहा लाखांत साडेसात भाग मागे पडेल, म्हणजे महिन्याला सुमारे २० सेकंद. तेच घड्याळ मनगटावर राहिलं तर त्वचेजवळचं तापमान ३० च्या आसपास असल्याने हा तोटा महिन्याला दोनेक सेकंदांवर येतो. कपाटातलं घड्याळ बाहेर काढल्यावर मागे दिसलं तर लगेच दुरुस्तीला देऊ नका. पंधरा दिवस हातात घाला आणि मग वेळ ताडून पाहा.