प्रोबेशन वाढवल्याचं पत्र

कारखान्यात पर्सोनेल विभागात असताना माझ्या टेबलावर एकदा दोन ओळींचा मसुदा आला. ‘आपले काम समाधानकारक आढळलेले नाही. सबब आपला परिविक्षा कालावधी पुढील आदेशापर्यंत वाढविण्यात येत आहे.’ खाली स्टोअर्सच्या साहेबांची सही. पत्र होतं स्टोअरमधल्या सहायकाचं. तो ८ जानेवारीला रुजू झाला होता, प्रोबेशन सहा महिन्यांचं, म्हणजे मुदत ७ जुलैला संपत होती. मसुदा माझ्याकडे आला तो ४ जुलैला.

त्या मुलाने हे पत्र वाचून उद्यापासून वेगळं काय करायचं? काहीच कळत नाही. ‘समाधानकारक’ हा शब्द आपल्याकडे कशावरही चिकटवता येतो. ‘पुढील आदेशापर्यंत’ म्हणजे किती दिवस, हे तर लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

मी साहेबांना विचारलं, नेमकं काय बिघडलंय? ते म्हणाले, “पोरगा ढिला आहे हो, माल येऊन पडतो आणि एंट्री होत नाही.” हे ऐकून काहीतरी हाताला लागलं. एप्रिल ते जून या तीन महिन्यांची नोंद काढली. माल आला की त्याची जी.आर.एन., म्हणजे आवक पावती, त्याच दिवशी व्हायला हवी. २१२ पावत्यांपैकी ३१ पावत्या तीन दिवसांहून उशिरा झालेल्या होत्या. पावती नाही तर पुरवठादाराचं बिल अडतं, आणि खरेदीवाले पुन्हा तोच माल मागवून बसतात. म्हणजे तक्रार खरी होती. दुसरी तक्रार साठ्याची. पन्नास खाने मोजले तर नऊ ठिकाणी बिन कार्डावरचा आकडा आणि खान्यातला माल जुळत नव्हता.

पण नऊपैकी पाच खाने असे निघाले, की रात्रपाळीचे लोक चिठ्ठी न देता माल उचलून नेत होते. रात्री स्टोअरला कुलूप नसायचं आणि हा मुलगा तर दिवसपाळीला. त्याचं खापर त्याच्यावर फोडणं चूक होतं, म्हणून ते पाच खाने पत्रातून गेले. उशिरा झालेल्या पावत्यांतही काही संध्याकाळी पाचनंतर आलेल्या गाड्यांच्या होत्या. शिवाय संगणकावर पावती करायला त्याला कुणी नीट शिकवलंच नव्हतं, शेजारच्याचं पाहून तो शिकला होता. कारणं लिहायला बसलं की निम्मी कारणं वरिष्ठांच्या अंगावर येतात. पत्रं मोघम लिहिली जातात, त्यामागे मला हेच दिसतं.

नवं पत्र एक पानाचं झालं. सुरुवातीला रुजू झाल्याची तारीख आणि प्रोबेशन संपण्याची तारीख, मग ३१ पावत्या आणि चार खाने, महिन्यांसकट. त्यानंतर अपेक्षा अशी, की दुपारी चारपर्यंत आलेल्या मालाची पावती त्याच दिवशी, त्यानंतरच्या मालाची दुसऱ्या कामाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत. महिनाअखेरीस पन्नास खाने मोजले जातील आणि किमान ४७ जुळले पाहिजेत. मग कंपनीने स्वतःवर घेतलेल्या गोष्टी, म्हणजे दोन दिवसांचं संगणक प्रशिक्षण, रात्री स्टोअरला कुलूप आणि दर आठवड्याला साहेबांबरोबर पंधरा मिनिटं. ही तिसरी बाजू बहुतेक पत्रांत नसते. साहेब कुलपावरून कुरकुरले, पण सही केली.

तारखांना जास्त वेळ लागला. मुदत ८ जुलै ते ७ ऑक्टोबर, पगारात फरक नाही. मधला आढावा २२ ऑगस्टला, अखेरचा २५ सप्टेंबरला. शेवटच्या दिवशीच आढावा का नाही, असं साहेबांनी विचारलं. कारण आढाव्यानंतर निर्णय घ्यायचा, पत्र टाइप करायचं, सही मिळवायची आणि ते माणसाच्या हातात द्यायचं असतं. साहेब गणपतीत किंवा दसऱ्यात रजेवर गेले की ७ तारीख कधी उलटली ते कळतही नाही.

तारीख उलटली तर काय, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. पंजाबच्या शिक्षण खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत नियमच असा होता, की प्रोबेशन जास्तीत जास्त तीन वर्षं. तीन वर्षं उलटली, कायम केल्याचा आदेश नाही आणि नोकरी चालूच. १९६८ साली न्यायालयाने म्हटलं, कमाल मर्यादा संपल्यावरही कामावर ठेवलं म्हणजे तो कायम झाला असंच धरायचं. पण निलगिरीतल्या लव्हडेलच्या लॉरेन्स स्कूलच्या शिक्षिकेच्या खटल्यात, २०१२ साली, निकाल उलट बाजूने गेला. तिथल्या नियमाचे शब्द वेगळे होते. न्यायालयाने ठरवलं, की अशा नियमात कायम होण्यासाठी स्वतंत्र आदेश लागतो, नुसता काळ गेल्याने माणूस कायम होत नाही. म्हणून नेमणूकपत्रात आणि सेवा नियमांत नेमके कोणते शब्द आहेत, हे आधी वाचावं. नियमात मुदतवाढीची तरतूदच नसेल, तर वाढीचं पत्र कितीही सुबक असलं तरी ते टिकणं कठीण.

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या बाबतीत तर हे फारच स्पष्ट आहे. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या पाचव्या कलमात प्रोबेशनची मुदत ठरवून दिलीय आणि ती पुरी झाली की माणूस कायम समजला जातो. काम पटत नसेल तर त्या मुदतीतच एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन सेवा संपवायची. वाढवत बसायची सोय नाही. तरीही ‘सहा महिने वाढवून घेऊ’ म्हणणारे संस्थाचालक मला भेटले आहेत.

आणखी एक धोका शब्दांचा. मसुद्याच्या पहिल्या खर्ड्यात साहेबांनी ‘साठ्यात गफलत’ असं लिहिलं होतं. मी ते काढायला लावलं. साठा जुळत नाही हे कामाचं वर्णन झालं, गफलत हा आरोप झाला. आरोप करायचा तर चौकशी करावी लागते. १९९९ मध्ये कलकत्त्याच्या एस. एन. बोस राष्ट्रीय केंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धरलं, की सेवासमाप्तीच्या आदेशात आधीच्या पत्रांचा उल्लेख असेल, तर त्या पत्रांतला कलंक लावणारा मजकूरही आदेशाचाच भाग मानता येतो. मुदतवाढीचं पत्र असं आधीचंच पत्र असतं. त्यात रागाने लिहिलेला एक शब्द पुढे वर्षभराने कोर्टात उभा राहू शकतो.

पत्र मी ५ जुलैला त्या मुलाच्या हातात दिलं. तो हादरला. पोच द्यायला तयार होईना, सही केली म्हणजे चूक कबूल केली असं त्याला वाटत होतं. अनेकांना तसं वाटतं. ‘पत्र मिळाले’ एवढंच लिहून तारीख घालून सही करावी, तो कबुलीजबाब नसतो. मजकूर पटला नसेल तर दोन दिवसांत आपलं म्हणणं लेखी द्यावं, आणि त्याचीही पोच घ्यावी. त्याने दिलं. संध्याकाळी उशिरा गाड्या येतात, तेव्हा एकटा असतो, असं त्यात होतं. ते खरं होतं, म्हणून पाचनंतरच्या गाड्यांसाठी एक हमाल जास्त मिळाला.

ऑगस्टच्या आढाव्यात ४५ खाने जुळले, सप्टेंबरमध्ये ४८. उशिराच्या पावत्या चारवर आल्या. ३ ऑक्टोबरला, मुदत संपायला चार दिवस असताना, त्याला कायम केल्याचं पत्र मिळालं.