तीन मिनिटांचं शेअरिंग कसं बांधायचं?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये अनुभव सांगण्याची जुनी चौकट आहे: आधी मी कसा होतो, मग काय घडलं, आज कसा आहे. तीन मिनिटांत सावकाश बोललं तर तीनशे-साडेतीनशे शब्द बसतात. त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या भागाला एकेकच प्रसंग द्यायचा.

बहुतेकांची गाडी पहिल्या भागातच अडकते. आमच्या एका दादांनी लिहून आणलेल्यात गुत्ते, उधारी, मारामाऱ्या असं सगळं होतं. दारू सुटल्याचं शेवटच्या दोन ओळींत. मी विचारलं, "दादा, यातला कोणता दिवस आजही डोळ्यांसमोर येतो?" ते म्हणाले, "पोरीच्या शाळेची फी घेऊन निघालो आणि ती पिऊन टाकली." तेवढंच ठेवलं. ब्रँड, पेगचे आकडे, प्यायल्यावरची मजा काढली, कारण समोर कालच दारू सोडलेला माणूस बसलेला असतो आणि त्या वर्णनाने त्याची तलफ चाळवते. बायकोच्या चुकांचा उल्लेखही वगळला. तिची गोष्ट तिची आहे.

खरा वेळ मधल्या भागाला, निदान दीड मिनिट. "मग मी सुधारलो" एवढ्याने नवख्याला काही कळत नाही. दादांनी सांगितलं: पहिल्या मीटिंगला कोण घेऊन गेलं, हात थरथरत होते तेव्हा डॉक्टरांकडे कसे गेले, संध्याकाळी सात वाजता तलफ आली की स्पॉन्सरला फोन कसा लावायचे.

शेवटी उपदेश नको. "आज पोरीची फी मी स्वतः भरतो," इथे थांबा.

घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचा, वेळ जास्त झाला तर पहिल्या भागातलंच कापा.