वांग्याचे पान: किडीने खाल्ले की रोगाने?

परसदारी वांग्याची दहा-बारा झाडे असली की घरच्या भाजीची बरीच सोय होते. पण पाने बिघडली की आपण घाईने कृषी केंद्रातून मिळेल ते औषध आणतो. बुरशीनाशकाने अळी मरत नाही आणि अळीच्या औषधाने बुरशी जात नाही. मजुरीचे पैसे वाया जातात. म्हणून आधी पान तोडून उजेडात धरावे, मग उलटे करून पाहावे.

पानाला भोक असेल तर त्याची कड पाहा. अळीने कुरतडलेली कड ताजी असताना हिरवी असते आणि जवळपास काळी बारीक विष्ठा सापडते. पान गुंडाळलेले असेल तर उलगडून पाहा, आत अळी असू शकते. करप्याचा ठिपका आधी तपकिरी होतो, मग वाळून मधला भाग गळतो. त्या भोकाभोवती वाळलेली तपकिरी कड राहते.

पानावर पांढरी नागमोडी रेषा दिसली तर ती नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून हिरवा गर खात पुढे जाते. अळी वाढते तशी रेषाही रुंद होते. कोणताही रोग अशी वाट आखत नाही. थोडीच पाने अशी असतील तर ती तोडून नष्ट केली की पुरते.

सर्वात जास्त फसवतो तो लाल कोळी. समजा, मार्च-एप्रिलच्या उन्हात पाने फिकी पडली, वर बारीक पिवळसर ठिपके आले. हे रोगासारखेच दिसते. अशा वेळी पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावरचे बारीक कण चालू लागले तर ते कोळी आहेत. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळीही दिसते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोराने पाणी मारावे. तेवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीचा कूट रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावा. दिसेल ते जहाल कीटकनाशक मारले तर कोळ्यांना खाणारे मित्रकीटकही मरतात आणि कोळी उलट वाढतात.

भोक नाही, रेषा नाही, कागदावर काही चालत नाही, पण पाने अगदी लहान होऊन झुपका झाला आणि फळ धरत नाही, तर तो पर्णगुच्छ. हा रोग तुडतुडे पसरवतात. त्या झाडाला औषध नाही. ते उपटून जाळावे, म्हणजे बाकीची झाडे वाचतील.

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यासाठी एक गोष्ट आणखी. जुन्या पानांच्या फक्त कडा आणि टोके करपत असतील तर दोष खाऱ्या पाण्याचा असू शकतो. तिथे कोणतीही फवारणी उपयोगाची नाही.