कंडक्टरचा तक्ता

तालुक्याच्या स्टँडसमोरच्या डीटीपीच्या दुकानात एक एसटी कंडक्टर घडीवर फाटलेला कागद घेऊन आले. त्यावर बॉलपेननं दहा थांबे, त्यांच्यापुढं आकडे आणि खाडाखोड. तिकीट मशीन असताना हे कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "मशीन मध्येच बंद पडलं की हातानं तिकीट फाडायचं. तेव्हा डोकं चालत नाही, कागद चालतो."

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. मास्तरांच्या कागदावर फक्त स्टँडपासूनची भाडी होती. मधल्या थांब्यावर चढून मधल्याच थांब्यावर उतरणाऱ्यासाठी ते मनात वजाबाकी करत. ती फसते. भाडं पूर्ण रुपयात आणताना थोडं इकडंतिकडं होतं, म्हणून पाच टप्प्यांच्या भाड्यातून दोनचं वजा केलं की तीनचं निघेलच असं नाही.

यापूर्वी त्यांनी रुपयांचा तक्ता छापला होता. २५ जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि तो रद्दीत गेला. या खेपेला घरांत रुपये नव्हेत, टप्पे भरायचे ठरले. टप्प्याचं भाडं वेगळ्या पट्टीवर: एक रकाना पूर्ण तिकिटाचा, एक अर्ध्याचा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं अर्ध्याचा रकाना आता जास्त बघावा लागतो.

दहा थांब्यांच्या पंचेचाळीस जोड्या. जायचं-यायचं भाडं एकच, म्हणून अर्धा चौकोन पुरतो. थांब्यांची नावं पायऱ्यांसारखी तिरकी उतरतात. दुकानातला मुलगा टाइप करत असताना मास्तर एकदम म्हणाले, "थांब बाळा, हे उलटं कसं?" ओळीत ७, ८ आणि पुढं १ पडला होता. कागदावरचा ९ त्यानं १ वाचला होता. थांबा लांब गेला की आकडा कमी व्हायला नको, ही त्यांची परीक्षा. पण ५ च्या जागी ४ पडला तर ती चूक यात सापडेलच असं नाही. त्यासाठी डेपोच्या भाडेपत्रकावरून एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं. डेपोचं पत्रक खरं, हातचा कागद नव्हे.

अक्षरं मोठी घेतली, एकाआड एक ओळ फिकट करडी केली. संध्याकाळी बसच्या मिणमिणत्या दिव्यात नजर ओळीवरून घसरते. लॅमिनेशनची घडी केली की तिथंच तडा जातो, म्हणून तक्ता तिकिटांच्या ट्रेच्या मापाचा कापला. पट्टी मागं नुसती चिकटवली. भाडं बदललं की तेवढीच सोलायची.

एक गोष्ट मात्र पट्टीनं भागत नाही. चौथ्या आणि पाचव्या थांब्यामधल्या पुलाचं काम निघून गाडी वळसा घेऊ लागली आणि टप्पा वाढला, तर पुलापलीकडं जाणाऱ्या चोवीस जोड्या बदलतात. तेवढ्यासाठी मास्तरांनी फाइल पेनड्राइव्हवर मागून घेतली.