आमसुलांची साठवण: गोदाम की घर?

श्रीवर्धन-मुरूडकडे आमसुले एप्रिल-मेच्या हंगामात वाळवली जातात; विक्री मात्र वर्षभर चालते. त्यामुळे ऑनलाइन विक्रेत्याचा हिशेब आधी साठवणुकीपाशी तपासावा. बाजारमंचाच्या गोदामात भाडे वजनावर नव्हे, मालाने व्यापलेल्या घनफुटांवर दरमहा लागते आणि फार काळ पडून राहिलेल्या मालावर जादा आकार बसतो. ३०×२०×१५ सेंमीचा खोका ९,००० घनसेंमी, म्हणजे सुमारे ०.३२ घनफूट जागा घेतो. असे शंभर खोके मे महिन्यात भिवंडीला पाठवले, तर जवळपास ३२ घनफुटांचे भाडे सुरू होते, विक्री होवो न होवो. शिवाय हाताळणीचा आकार प्रत्येक नगावर वेगळा लागतो.

घरून पॅकिंग केल्यास हे भाडे टळते आणि बुरशी, ओल, फुटलेली पिशवी स्वतःला तपासता येते. पण खोका, टेप व मजुरी पदरची, आणि पार्सल वेळेत कुरियरकडे देण्याची जबाबदारीही आपलीच. गोदामातून माल लवकर पोहोचतो म्हणून खप वाढतो, हा आक्षेप खरा आहे. तरी त्यासाठी वर्षाचा साठा तिथे ठेवण्याची गरज नाही. महिनाभर पुरेल इतकाच माल पाठवावा, उरलेला घरी कोरड्या जागी हवाबंद ठेवावा.

दोन्ही पद्धतींत खोका लहान हवा. कुरियर कंपन्या सहसा घनसेंमीला ५,०००ने भागून आकारमानी वजन काढतात. वरच्या खोक्यात अर्धा किलो आमसुले भरली, तरी आकारणी १.८ किलोची होते. गोदाम वापरायचे तर ते जीएसटी नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून आधी दाखवावे लागते.