चाक थांबण्याआधीच बक्षीस ठरलेलं असतं

गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात मोठ्या पडद्यावर रंगीबेरंगी चाक फिरतं. टिकटिक करत ते मंदावतं आणि ‘वॉशिंग मशीन’ला घासून पुढच्या घरात जाऊन थांबतं. गर्दीतून ‘अरेरे!’ उमटतं. थोडक्यात हुकलं, असंच सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात चाक फिरायला लागलं तेव्हाच लॅपटॉपमध्ये निकाल लागलेला असतो. ते कुठे थांबायचं हे ठरवून मगच फिरवलेलं असतं.

यात लबाडी असतेच असं नाही. मंडळाकडे वॉशिंग मशीन एकच आहे आणि मोदक मात्र ढीगभर. मग मशीनची संधी कमी आणि मोदकाची जास्त असायला हवी. खऱ्या लाकडी चाकावर हे करायचं तर घरं लहान-मोठी आखावी लागतील. हजारात एक अशी संधी द्यायची असेल, तर मशीनच्या घराला 360 अंशांपैकी जेमतेम 0.36 अंश मिळतील. एक मीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर ही जागा तीन मिलिमीटरच्या आसपास भरते. एवढ्या फटीत नाव लिहिता येत नाही आणि काटाच तिच्यापेक्षा जाड निघतो. म्हणून पडद्यावरच्या चाकात दोन कामं वेगळी केलेली असतात. कोणतं बक्षीस द्यायचं हे एक तक्ता ठरवतो आणि चाक तो निकाल फक्त दाखवतं.

हा तक्ता कसा चालतो ते एका मंडळाचा हिशेब धरून पाहू. दहा दिवस, रोज शंभर जण, म्हणजे एकूण हजार जण चाक फिरवणार. खेळ फुकट आहे आणि रिकाम्या हाताने कुणी परतायचं नाही असं ठरलंय. बक्षिसांना दिलेलं वजन असं: वॉशिंग मशीन 1, मिक्सर 9, पैठणी 40, स्टीलचा डबा 250, पेन 300 आणि मोदक 400. बेरीज बरोबर हजार. एका मडक्यात या हिशेबाने हजार चिठ्ठ्या टाकून दर वेळी एक काढायची, वाचायची आणि पुन्हा आत टाकून मडकं हलवायचं, असंच हे आहे.

संगणक चिठ्ठ्या लिहीत बसत नाही. तो हजार आकडे बक्षिसांना सलग वाटून देतो. 1 हा आकडा मशीनचा. 2 ते 10 मिक्सरचे, 11 ते 50 पैठणीचे, 51 ते 300 डब्याचे, 301 ते 600 पेनाचे आणि 601 ते 1000 मोदकाचे. मग 1 ते 1000 मधला कोणताही एक आकडा काढायचा आणि तो कुणाच्या हद्दीत पडला ते पाहायचं. 287 आला तर डबा, 8 आला तर मिक्सर. प्रत्येक आकड्याची संधी सारखीच असते. ज्याच्याकडे आकडे जास्त, त्याची पाळी जास्त वेळा येते.

हे करायला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही, एक्सेल पुरतं. `A2` ते `A7` मध्ये प्रत्येक बक्षिसाचा सुरुवातीचा आकडा लिहायचा: 1, 2, 11, 51, 301, 601. शेजारी `B2` ते `B7` मध्ये बक्षिसांची नावं. मग रिकाम्या चौकटीत हे सूत्र:

```
=LOOKUP(RANDBETWEEN(1,1000),$A$2:$A$7,$B$2:$B$7)
```

`RANDBETWEEN` आकडा काढतं. `LOOKUP` त्या आकड्याएवढा किंवा त्याच्याहून लहान असा सर्वांत मोठा सुरुवातीचा आकडा शोधून त्यासमोरचं नाव देतं. एक सांभाळायचं: हे सूत्र पत्रकात काहीही बदल केला की नव्याने आकडा काढतं. विजेत्याचं नाव टाइप करून एंटर दाबलं की पैठणीचं पेन होऊन बसतं. म्हणून निकाल आला की आधी तो वेगळ्या वहीत लिहून ठेवावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र हद्दी लिहिताना होते. वजनांची बेरीज करत गेलं की 1, 10, 50, 300, 600, 1000 हे आकडे मिळतात. ते प्रत्येक बक्षिसाच्या हद्दीचे शेवटचे आकडे आहेत आणि सूत्राला हवेत सुरुवातीचे. कुणी घाईत शेवटचेच आकडे `A` रकान्यात भरले, तर सूत्र तक्रार करत नाही, मुकाट्याने चालत राहतं. पण आता 1 ते 9 हे सगळे आकडे मशीनचे झाले. मिक्सरला चाळीस, पैठणीला अडीचशे, डब्याला तीनशे, पेनाला चारशे. मोदकाच्या वाट्याला उरला एकटा 1000. प्रत्येक बक्षिसाला खालच्या बक्षिसाचं वजन मिळालं! एका मशीनच्या जागी सरासरी नऊ मशिनी आणि चाळीस पैठण्यांच्या जागी अडीचशे, असा खर्च मंडळाच्या डोक्यावर बसेल.

दुसरी चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून होते. आधी आकडा काढून ‘मशीन लागलं का?’ असं विचारायचं, नाही लागलं तर नवा आकडा काढून ‘मिक्सर लागला का?’ असं विचारत खाली यायचं. दर पायरीला नवा आकडा काढला की खालच्या बक्षिसांपर्यंत पोचतात ते फक्त वरून उरलेले लोक. डबा आणि पेन यांच्यानंतर मोदकापर्यंत जवळजवळ निम्मेच जण येतील आणि त्यांनाही शंभरात चाळीस हीच संधी. म्हणजे हजारात चारशेऐवजी दोनशेच मोदक वाटले जातील आणि तीनशे जणांना काहीच मिळणार नाही. एका फिरवणीला एकच आकडा काढायचा आणि सगळ्या हद्दी त्याच आकड्यावर तपासायच्या, हा नियम पाळला की हे टळतं.

दोन्ही चुका मांडवात जाण्याआधी पकडता येतात. वरचं सूत्र एक लाख ओळींत उतरवायचं आणि प्रत्येक बक्षीस किती वेळा आलं ते `COUNTIF` ने मोजायचं. मशीन सुमारे शंभर वेळा यायला हवं. बरोबर शंभर येणार नाही. ऐंशी ते एकशेवीसच्या दरम्यान काहीही आलं तरी काळजी नको, कारण योगायोगाने एवढा फरक पडतोच. दोनशे आले तर हद्दी तपासा. हीच चाचणी हजार ओळींवर घेतली तर मशीनबद्दल काहीच कळत नाही. हजारात एक अपेक्षित असताना शून्य, एक, दोन किंवा तीन यातलं काहीही सहज येऊ शकतं. जितकी संधी लहान, तितकी चाचणी लांब हवी.

इथेच कार्यकर्त्यांचा एक मोठा गैरसमज दडलेला आहे. हजारात एक संधी आणि हजार लोक, म्हणजे मशीन एकदा लागणारच, असं त्यांना वाटतं. पण दर वेळी आकडा नव्याने निघतो, आधीच्या नऊशे नव्व्याण्णव वेळांची त्याला आठवण नसते. हिशेब केला तर दहा दिवसांत मशीन कुणालाच न लागण्याची शक्यता शंभरात 37 आहे. बरोबर एकाला लागण्याचीही 37 च. उरलेल्या 26 मध्ये ते दोघांना किंवा जास्त जणांना लागतं आणि तेव्हा मंडळाकडे दुसरं मशीन नसतं. पैठण्यांचंही तसंच. चाळीस अपेक्षित असल्या तरी अठ्ठावीसपासून बावन्नपर्यंत कितीही लागू शकतात.

बक्षीस संपल्यावर काय करायचं, हे म्हणूनच आधी लिहून ठेवावं लागतं. समजा, नवव्या दिवशी डबे संपले. डब्याचं वजन शून्य केलं तर एकूण बेरीज 750 होते आणि बाकी सगळ्यांची संधी वाढते. पैठणीची संधी शंभरात चारवरून पाचच्या वर जाते, म्हणजे उशिरा आलेल्यांची चांदी. ते नको असेल तर डब्याचे आकडे मोदकाला द्यावेत. तक्त्यात ‘डबा’ खोडून ‘मोदक’ लिहिलं की बाकी सगळं जिथल्या तिथे राहतं. मशीन हमखास एकदाच लागायला हवं असेल, तर काढलेली चिठ्ठी परत टाकायचीच नाही. संगणकात त्यासाठी हजार निकालांची यादी सुरुवातीलाच पिसून ठेवतात आणि वरून एकेक नाव वाचत जातात. मात्र हजारऐवजी सहाशेच लोक आले तर मशीन उरलेल्या चारशे नावांत अडकून पडू शकतं.

आता पुन्हा त्या ‘थोडक्यात हुकलं’कडे वळू. निकाल डबा असा लागला की प्रोग्रॅम डब्याच्या घरातला एक कोन निवडतो, त्यात पाच पूर्ण फेऱ्यांचे 1800 अंश मिळवतो आणि चाक हळूहळू मंदावत तिथे आणून थांबवतो. पडद्यावर सहाही घरं साठ-साठ अंशांची, सारखी दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, मशीनची संधी सहात एक.

घरांचा क्रमही भुलवतो. मशीनच्या एका बाजूला पेन आणि दुसऱ्या बाजूला मोदक काढला, तर या दोघांचे मिळून हजारात सातशे आकडे होतात. म्हणजे शंभरातले सत्तर जण मशीनच्या शेजारच्याच घरात थांबणार! मशीनच्या शेजारी मिक्सर आणि पैठणी बसवली की हेच प्रमाण पाचवर येतं. तक्ता तोच आणि संधीही तीच. बदलते ती फक्त हळहळ.

जुगाराच्या यंत्रांचा धंदा या फरकावर मोठा झाला. जुन्या यंत्रांत तीन चाकं खरोखर फिरायची. चाकावर वीस चित्रं धरली तर एकूण जुळण्या 8000, म्हणून त्याहून मोठं बक्षीस ठेवणं मालकाला परवडायचं नाही. इंगे टेल्नेस यांना 1984 साली अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्यात थांबण्याची जागा आकडा काढून ठरते आणि चाकं ती फक्त दाखवतात. आता समोर वीस चित्रं दिसत असली, तरी आतल्या तक्त्यात प्रत्येक चाकाला 64 जागा देता येतात आणि मोठ्या बक्षिसाला त्यातली एकच. मग तिन्ही चाकांवर ते जुळण्याची संधी 2,62,144 मध्ये एक होते. डोळ्यांना मात्र आठ हजारांत एकच भासते.

मंडळाने यातून एवढं करावं: चाकाशेजारी वजनांचा तक्ता मोठ्या अक्षरात लावावा आणि बक्षीस संपल्यावरचा नियमही त्याच फलकावर लिहावा. आणि तुम्ही कुठेही चाक फिरवायला उभे राहिलात तर घरं मोजू नका, तक्ता मागा. तो दाखवायला कुणी का-कू करत असेल, तर चाकावरचं मशीन हे नुसतं चित्र आहे असं धरून चाला.